स्लॅब ते गृहप्रवेश: पट्ट्यांच्या तक्त्यातून क्रिटिकल पाथ कसा काढायचा

घराचं बांधकाम काढलेल्या माणसाला दिवसातून दोनदा विचारलं जातं, "कधी होतंय मग?" ठेकेदाराकडून उत्तर येतं, "मे अखेर." हे उत्तर कशावरून आलं, ते विचारलं तर सहसा काही हाती लागत नाही. कामांची यादी सगळ्यांकडे असते. कोणतं काम दोन दिवस लांबलं तर मे अखेर हुकेल आणि कोणतं आठवडाभर लांबलं तरी काही बिघडणार नाही, हे मात्र यादीवरून कळत नाही. ज्या कामांचा उशीर थेट शेवटच्या तारखेवर जातो, त्यांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. ती शोधायला कामांच्या पट्ट्या काढाव्या लागतात, त्या एकमेकींना बांधाव्या लागतात आणि मग थोडी बेरीज-वजाबाकी करावी लागते. एक्सेल किंवा गूगल शीट्स एवढ्या साधनांवर हे भागतं.

उदाहरण म्हणून कऱ्हाडकडच्या एखाद्या गावातलं तळमजल्याचं घर घेऊ. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. पाया, चौथरा, कॉलम झालेत, स्लॅबचं सेंट्रिंग आणि लोखंड बांधून तयार आहे. स्लॅब १५ मार्चला भरायचा आहे आणि मे संपायच्या आत घरात राहायला जायचं आहे. पुढचे दिवसांचे आकडे या घरापुरते आहेत. तुमचा गवंडी, तुमचं क्षेत्रफळ आणि तुमचा इंजिनिअर यांच्यानुसार ते बदलतील. पद्धत तीच राहील.

आधी यादी, आणि यादीत वाट पाहणंही

पहिली पायरी म्हणजे कामं लिहून काढणं. बहुतेक तक्ते इथेच फसतात, कारण लोक फक्त माणसं राबतात तेवढीच कामं लिहितात. स्लॅब भरला, सेंट्रिंग काढलं, वीटकाम सुरू. पण स्लॅब भरणं आणि सेंट्रिंग काढणं यांच्यामध्ये एकही माणूस काम करत नसला तरी दिवस जातच असतात. स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचं असतं आणि खाली टेकू उभे ठेवायचे असतात. बांधकामासाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस पाणी सांगितलंय. मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-उष्ण असेल तर किमान १० दिवस, आणि मिश्र सिमेंटला ते १४ दिवसांपर्यंत न्यावं अशी शिफारस आहे. टेकूंबाबत हेच मानक ओपीसीसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ दिवस सांगतं. आपल्या घरात बीम आहेत आणि उन्हाळाही आहे, म्हणून १४ दिवस धरू. पीपीसीसारखं मिश्र सिमेंट वापरणार असाल तर टेकू कधी काढायचे, हे इंजिनिअरला विचारून आकडा घाला.

आतल्या गिलाव्याचंही असंच. गिलावा संपला की त्यावर सात दिवस पाणी मारायचं आणि नंतर तो सुकू द्यायचा. ओलसर भिंतीवर घाईने रंग चढवला तर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरतात. इथेही १४ दिवस धरू, आणि हे दोन्ही 'काम' म्हणून यादीत स्वतंत्र ओळीवर घेऊ.

दिवस मोजताना एक काळजी घ्यायची. स्लॅबला आठवडी बाजाराची सुट्टी नसते, गवंड्याला असते. म्हणून इथे सगळे आकडे सलग दिवसांचे आहेत. वीटकाम १२ दिवस म्हणजे बाजाराचे एक-दोन दिवस धरून १२. गवंडी "दहा दिवसांत करतो" म्हणाला तर ते कामाचे दिवस असतात, एवढं ध्यानात ठेवून तक्त्यात आकडा वाढवून लिहायचा.

कशामुळे काय अडतं

आता प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारायचा: हे सुरू व्हायला त्याआधी नेमकं काय संपलेलं असावं लागतं? उत्तरात फक्त लगेच आधीचं काम लिहायचं. वीटकामाआधी स्लॅब हवा हे खरं, पण वीटकामाला प्रत्यक्षात अडवतं ते सेंट्रिंग काढणं, कारण टेकूंच्या जंगलात भिंत उभी करता येत नाही. शिवाय दरवाजाच्या चौकटी हव्यात, कारण गवंडी त्या उभ्या करून मगच भिंत वर चढवतो. म्हणजे वीटकामाच्या आधी दोन कामं आली.

या घराची यादी अशी तयार होते. डावीकडचा आकडा शीटमधल्या ओळीचा आहे, कारण पुढे सूत्रांत तोच लागेल.

| ओळ | काम | दिवस | लगेच आधीचं काम (ओळ) |
|---|---|---|---|
| २ | स्लॅब भरणे | १ | – |
| ३ | स्लॅबला पाणी, टेकू ठेवणे | १४ | २ |
| ४ | सेंट्रिंग काढणे | २ | ३ |
| ५ | दरवाजाच्या चौकटी बनवून घेणे | १० | – |
| ६ | वीटकाम, गच्चीच्या कठड्यासह | १२ | ४, ५ |
| ७ | भिंतीत झिऱ्या, नळाचे व वायरिंगचे पाइप | ५ | ६ |
| ८ | आतला गिलावा | ९ | ७ |
| ९ | बाहेरचा गिलावा | ८ | ६, ८ |
| १० | आतला गिलावा: पाणी आणि सुकणे | १४ | ८ |
| ११ | खिडक्या, माप घेऊन बनवणे | १५ | ८ |
| १२ | खिडक्या बसवणे | २ | ९, ११ |
| १३ | बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, पाणी कोंडून चाचणी | ५ | ८ |
| १४ | फरशी | ८ | १३ |
| १५ | पुट्टी आणि पहिला हात | ६ | १० |
| १६ | शेवटचा रंग | ४ | १२, १४, १५ |
| १७ | स्विच, दिवे, नळ बसवणे | २ | १६ |
| १८ | गच्चीचं वॉटरप्रूफिंग | ६ | ६ |

नवव्या ओळीकडे जरा थांबा. बाहेरच्या गिलाव्याला आतल्या गिलाव्याची तांत्रिक गरज काहीच नाही. वीटकाम झालं की तो लागलीच सुरू करता येतो. पण आपल्याकडे गवंड्यांची जोडी एकच आहे. तीच माणसं एकाच वेळी आत आणि बाहेर असू शकत नाहीत. म्हणून ८ हा दुवा माणसांमुळे आलाय. असे दुवे लिहिले नाहीत तर तक्ता कागदावर सुंदर दिसतो आणि साइटवर पहिल्याच आठवड्यात खोटा ठरतो.

मग आधी बाहेरचा गिलावा उरकून घेतला तर? वीटकामानंतर पाच दिवस प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन आत झिऱ्या मारत असतात, गवंडी तेव्हा रिकामेच असतात. ठेकेदाराला हे मोहात पाडतं. पण बाहेरचं काम आठ दिवसांचं आहे. आत जायला गवंडी तीन दिवस उशिरा येतील आणि ते तीन दिवस थेट शेवटच्या तारखेत जमा होतील. का, ते आकडेमोड केली की दिसेल.

पुढे मोजणं: लवकरात लवकर कधी

शीटमध्ये `A` मध्ये काम, `B` मध्ये दिवस, `C` मध्ये आधीच्या कामाच्या ओळी नुसत्या आठवणीसाठी, `D` मध्ये सुरुवात आणि `E` मध्ये शेवट ठेवू. तारखांऐवजी आधी दिवसांचे आकडे वापरा. पहिला दिवस उजाडतो तो क्षण शून्य. शेवट म्हणजे सुरुवात अधिक दिवस. सुरुवात म्हणजे आधीच्या सगळ्या कामांच्या शेवटांपैकी सर्वांत उशिराचा.

```
E2:  =D2+B2            (हेच सूत्र खाली १८व्या ओळीपर्यंत ओढा)
D2:  0
D3:  =E2
D4:  =E3
D5:  0
D6:  =MAX(E4,E5)
D7:  =E6
D8:  =E7
D9:  =MAX(E6,E8)
D12: =MAX(E9,E11)
D16: =MAX(E12,E14,E15)
D18: =E6
```

उरलेल्या ओळींना आधीचं काम एकेकच आहे, तेव्हा तिथे नुसता त्या कामाचा शेवट: `D10`, `D11` आणि `D13` मध्ये `=E8`, `D14` मध्ये `=E13`, `D15` मध्ये `=E10`, `D17` मध्ये `=E16`.

आता साखळी उलगडते. स्लॅब १, पाणी १५, सेंट्रिंग १७ वर संपतं. चौकटी १० वरच तयार आहेत, म्हणून वीटकामाची सुरुवात १७ वर ठरते आणि शेवट २९ वर. पाइप ३४, आतला गिलावा ४३. इथून वाटा फुटतात. गिलावा सुकायची वाट ५७ ला संपते आणि पुट्टी ६३ ला. खिडक्या ५८ ला तयार होतात, ६० ला बसतात. बाथरूम ४८, फरशी ५६. शेवटच्या रंगाला या तिन्ही वाटा पूर्ण हव्यात, म्हणून त्याची सुरुवात ६३ ला, शेवट ६७ ला, आणि दिवे-नळ लागून घर ६९व्या दिवशी तयार.

तारीख हवी तर सुरुवातीच्या तारखेत आकडा मिळवा:

```
सुरुवात: =DATE(2026,3,15)+D6
शेवट:    =DATE(2026,3,15)+E6-1
```

वीटकाम १ एप्रिलला सुरू होतं आणि ६९वा दिवस २२ मे येतो. मे अखेरीला नऊ दिवस उरतात.

मागे मोजणं: उशिरात उशिरा कधी

क्रिटिकल पाथ पुढच्या मोजणीतून दिसत नाही. त्यासाठी शेवटाकडून मागे यावं लागतं. `F` स्तंभात लिहायचं, हे काम उशिरात उशिरा कधी संपलं तरी ६९ हुकणार नाही. शेवटच्या कामाचं उत्तर ६९. त्याच्या आधीच्या कामाचं उत्तर त्यातून शेवटच्या कामाचे दिवस वजा करून. एका कामावर पुढची अनेक कामं अवलंबून असतील तर सगळ्यांत लवकरची मर्यादा धरायची.

```
F17: =E17
F16: =F17-B17
F15: =F16-B16
F14: =F16-B16
F13: =F14-B14
F12: =F16-B16
F11: =F12-B12
F10: =F15-B15
F9:  =F12-B12
F8:  =MIN(F9-B9,F10-B10,F11-B11,F13-B13)
F7:  =F8-B8
F6:  =MIN(F7-B7,F9-B9,F18-B18)
F5:  =F6-B6
F4:  =F6-B6
F3:  =F4-B4
F2:  =F3-B3
F18: =E17
G2:  =F2-E2            (खाली ओढा)
```

`G` मध्ये येते ती सवड. जिथे ती शून्य, ते काम एक दिवसही लांबलं तर घर एक दिवस लांबतं. आपल्या घरात शून्य आलेली साखळी अशी: स्लॅब, स्लॅबला पाणी, सेंट्रिंग काढणे, वीटकाम, पाइप, आतला गिलावा, गिलावा सुकणे, पुट्टी, शेवटचा रंग, दिवे-नळ. दिवसांची बेरीज करून बघा: १+१४+२+१२+५+९+१४+६+४+२, म्हणजे बरोबर ६९. ही बेरीज जुळली नाही तर कुठला तरी दुवा चुकलाय.

या ६९ पैकी २८ दिवस निव्वळ वाट पाहण्याचे आहेत. म्हणजे माणसं दुप्पट लावली तरी त्यातला एकही दिवस वाचणार नाही. "बिगारी वाढवतो, पंधरा दिवस आधी देतो" असं कुणी म्हणालं तर हे २८ दिवस त्यात कुठे गेले, ते विचारा.

क्रिटिकल पाथची ही रीत अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीसाठी १९५७ च्या सुमारास मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी बसवली. पट्ट्यांचे तक्ते त्याआधी कित्येक वर्षं वापरात होते, हेन्री गँट यांच्या नावाने आजही ओळखले जातात. पण त्या पट्ट्या सुट्या होत्या. एक सरकली तर बाकीच्यांचं काय होतं, हे तक्ता सांगत नसे.

पट्ट्या रंगवणं

`H1` पासून उजवीकडे १ ते ७५ आकडे भरा, ते `CD1` पर्यंत जातात. स्तंभ अगदी अरुंद करा. मग `H2:CD18` निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये सूत्रावर आधारित तीन नियम याच क्रमाने द्या:

```
लाल:        =AND(H$1>$D2,H$1<=$E2,$G2=0)
निळा:       =AND(H$1>$D2,H$1<=$E2)
फिकट करडा:  =AND(H$1>$E2,H$1<=$F2)
```

लाल पट्ट्या जिन्यासारख्या एकाखाली एक उतरत जातात. निळी पट्टी म्हणजे सवड असलेलं काम आणि तिच्यापुढची करडी शेपटी म्हणजे ती सवड. हा तक्ता छापून साइटवर लावला तर शेपट्या दाखवायच्या की नाही, यावर मतभेद आहेत. माझं मत, घरमालकाच्या प्रतीत असाव्यात आणि खिडकीवाल्याच्या प्रतीत नसाव्यात. तीन दिवस हाताशी आहेत असं दिसलं की ते पहिल्याच आठवड्यात खर्ची पडतात.

कोणता उशीर घर लांबवतो

आता तक्ता कामाला येतो. एकेक उशीर `B` मध्ये घालून `E17` कडे बघायचं.

सुताराने चौकटी द्यायला दहाऐवजी सोळा दिवस लावले. घर ६९ वरच राहतं, कारण चौकटींना सात दिवसांची सवड होती. त्याने वीस लावले तर वीटकाम १७ ऐवजी २० ला सुरू होतं आणि घर ७२ वर जातं. उशीर दहा दिवसांचा, फटका तीनच दिवसांचा. नेहमीचं गणित हेच: फटका म्हणजे उशीर वजा सवड.

खिडक्यांची सवड फक्त तीन दिवस आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचं माप गिलावा झाल्यावरच नीट घेता येतं, नाहीतर चौकट आणि भिंत यांत फट राहते. म्हणून हे काम ४३ च्या आधी हलत नाही, आणि लग्नसराईत फॅब्रिकेटर हमखास लांबवतो. त्याने पाच दिवस लांबवलं की घर ७१ वर. लाल नसलेल्या पट्टीनेही तारीख ढकलली जाते, ती अशी. आठवड्याला फोन करायचे असतील तर लाल कामांच्या माणसांनंतर पहिला फोन या माणसाला.

बाथरूम आणि फरशी, दोन्हींपुढे सवड ७ दिसते. इथे पुष्कळ जण फसतात. ही सवड प्रत्येकी सात नाही, दोघांत मिळून सात आहे. बाथरूमच्या चाचणीत भिंतीच्या खालच्या बाजूला ओल दिसली, दुरुस्तीत चार दिवस गेले, तर फरशीवाल्याला तीनच उरतात. त्याला जुना तक्ता दाखवून "सात दिवस आहेत" सांगितलं तर फरशीवाल्याची चूक नसेल, पण घर लांबेल.

बाहेरच्या गिलाव्याची सवड १० आहे. तीही दोन प्रकारची. त्यातले पहिले सात दिवस कुणालाच कळणार नाहीत, कारण खिडक्या ५८ पर्यंत यायच्याच नाहीत. उरलेले तीन दिवस मात्र खिडक्यांच्या सवडीतून जातात. गवंडी जोडीचा दुवा लिहिला नसता तर याच कामापुढे २४ दिवस सवड दिसली असती आणि सगळे निवांत राहिले असते. कुठल्याही कामापुढे अवाच्या सवा सवड दिसली तर आनंद मानू नका, आधी दुवा राहिलाय का ते तपासा.

आणि आधीचा प्रश्न: बाहेरचा गिलावा आधी घेतला तर? गवंडी २९ ते ३७ बाहेर, मग आत ३७ ते ४६. गिलावा लाल साखळीत आहे, म्हणून ते तीन दिवस जसेच्या तसे शेवटाला लागतात: ७२. गवंड्यांना पाच दिवस रिकामं बसवणं महाग वाटत असेल तर त्या पाच दिवसांत कठड्याचं उरलंसुरलं काम किंवा अंगणातली पाण्याची टाकी द्या.

गावची यात्रा हाही उशीरच, फक्त आधीपासून माहीत असलेला. चैत्रात आपल्याकडे यात्रांचा हंगाम असतो आणि गवंडी चार दिवस गावी जाणार म्हणजे जाणार. ते चार दिवस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, वीटकामात आले तर घर चार दिवस पुढे. तेच चार दिवस स्लॅबला पाणी मारण्याच्या १६ ते २९ मार्चच्या काळात आले तर काहीच होत नाही, पाणी मारायला घरचा माणूस पुरतो. यात्रेची तारीख बदलत नाही, स्लॅबची बदलता येते. तारीख ठरवण्याआधी गवंड्याला यात्रा विचारा.

राहिली गच्ची. आकडेमोडीने तिला ३४ दिवसांची सवड मिळते, कारण तिच्यावर पुढचं कुठलंच काम अवलंबून नाही. पण ही सवड खरी नाही. कोरडा पृष्ठभाग हवा असलेलं हे काम वळिवाने धुतलं तर पुन्हा करावं लागतं, आणि मे महिन्यात वळीव कधीही येतो. इथे कामापेक्षा तारीख बंधन घालते. म्हणून `F18` मधलं सूत्र काढून तिथे स्वतःची मर्यादा लिहा, उदाहरणार्थ ४७, म्हणजे ३० एप्रिल. सवड ३४ वरून १२ वर येते आणि पट्टी खऱ्याजवळ जाते.

दिवस कुठून वाचवायचे

लाल नसलेल्या कामावर पैसे ओतून काही मिळत नाही. फरशीवाल्याची दोन माणसं वाढवली तर फरशी लवकर होईल आणि तशीच पुठ्ठ्याखाली पडून राहील. लाल कामांतही कुठे हात घालता येतो ते बघावं लागतं.

वीटकाम आणि पाइप हे पहिलं ठिकाण. पूर्ण वीटकाम संपायची वाट बघण्याऐवजी नऊ दिवसांनी, ज्या भिंती आधी उभ्या राहिल्या त्यांत झिऱ्या मारायला सुरुवात केली तर पाइप ३४ ऐवजी ३१ ला संपतात. सूत्रात एवढाच बदल:

```
D7:  =E6-3
F6:  =MIN(F7-B7+3,F9-B9,F18-B18)
```

दुसऱ्या ओळीतले ३ म्हणजे दोन कामं जितके दिवस एकमेकांवर चढली तितके. ते घातले नाहीत तर वीटकामापुढे उणे सवड येते. घर ६६ वर येतं. अट एकच, ताज्या भिंतीला हातोड्याने हादरे द्यायचे नाहीत, झिरी कटरने मारायची.

दुसरं ठिकाण पुट्टी. (वरचा बदल केला नाही असं धरून, ६९ वरून मोजू.) रंगारी दुप्पट केले आणि सहा दिवसांचं काम तीनवर आणलं तर घर ६६ ला होतं. खूश होऊन आणखी रंगारी आणले आणि दोन दिवसांवर आणलं तर? घर ६६ च. कारण खिडक्या ६० लाच बसतात आणि आता त्याही लाल झाल्यात. एक वाट आखडली की शेजारची वाट लांब ठरते. म्हणून दर बदलानंतर `G` स्तंभ पुन्हा वाचायचा.

त्यावर एक फुकटचा उपाय आहे. गवंड्याला सांगायचं, आतला गिलावा करताना आधी सगळ्या खिडक्यांच्या कडा पूर्ण कर. पाच दिवसांत तेवढं झालं तर माप ४३ ऐवजी ३९ ला घेता येतं, आणि खिडक्यांची सवड तीनऐवजी सात होते. खर्च शून्य, फक्त सांगायची वेळ साधावी लागते.

काम सुरू झाल्यावर

आठवड्यातून एकदा तक्ता ताजा करायचा. त्यावेळी "किती टक्के झालं?" विचारू नका. गिलावा कायम ऐंशी टक्के झालेला असतो. "अजून किती दिवस?" विचारा, आणि झालेले दिवस अधिक उरलेले दिवस असा आकडा `B` मध्ये घाला. `D` आणि `E` मध्ये हाताने तारखा टाइप करू नका. तिथलं सूत्र एकदा पुसलं की ती पट्टी साखळीतून सुटते आणि पुढचं काहीच सरकत नाही. शंका आली तर एखाद्या लाल कामाचे दिवस दहाने वाढवून बघा. `E17` नेमका दहाने हलला नाही तर सूत्र तुटलंय.

समजा ४० दिवस झाले, तारीख २३ एप्रिल. आतला गिलावा ठरल्याप्रमाणे ३४ ला सुरू झाला होता, सहा दिवस झालेत आणि गवंडी म्हणतोय, "अजून सहा लागतील, वाळू दोन दिवस आली नाही." `B8` मध्ये ९ ऐवजी १२. गिलावा ४६ ला संपेल आणि घर ७२ वर, २५ मेला. आता तीन दिवस भरून काढायला जागा कुठे आहे? सुकण्याचे १४ दिवस कापायचे नाहीत. पुट्टी तीन दिवसांवर आणली तर ती ६३ ला संपते. खिडक्या ४६ ला माप घेऊन ६१ ला तयार, ६३ ला बसलेल्या. फरशी ५९ ला. शेवटचा रंग पुन्हा ६३ लाच सुरू होतो आणि घर ६९ वर परत येतं, पण आता पुट्टी आणि खिडक्या दोन्ही लाल आहेत आणि फॅब्रिकेटरकडे एका दिवसाचीही सवड उरलेली नाही. जास्तीच्या रंगाऱ्यांची मजुरी मोजायची की मे अखेरपर्यंतच्या नऊ दिवसांतले तीन वापरायचे, हे ठरवण्याआधी खिडक्यांच्या कडा झाल्यात का ते साइटवर जाऊन बघा. झाल्या असतील तर माप उद्याच घेता येईल.